वहीतली नोंद आणि अहवालातले वाक्य

«आमची संस्था १२ केंद्रांवर मुलांसाठी संध्याकाळचे वाचनवर्ग चालवते. नऊ कार्यकर्त्यांनी दहा महिन्यांत लिहिलेल्या ३४० भेटनोंदी माझ्यापुढे आहेत; काही दोन ओळींच्या, तर काही दोन पानांच्या. त्यांतून वार्षिक अहवालातला ‘परिणाम’ हा दोन पानांचा विभाग मला लिहायचा आहे. मागच्या वर्षी मी मनापासून लिहिले, तरी देणगीदारांनी कळवले की मजकूर वाचनीय आहे, पण नेमके काय बदलले आणि ते तुम्हाला कसे समजले हे कळत नाही. या वर्षी सुरुवात कोठून करू? दोन्ही वाचनचाचण्यांचे तक्ते आणि सर्व नोंदींची स्प्रेडशीट सोबत पाठवत आहे.»
— एका संस्थेची दस्तऐवज समन्वयक

सप्रेम नमस्कार.

सगळ्या नोंदी वाचत जाऊन चांगल्या ओळींवर खुणा करण्याचे काम आत्ताच हाती घेऊ नका. तसे केले की मनात आधीच तयार असलेल्या निष्कर्षाला साजेशा ओळीच तेवढ्या हाती लागतात. त्याऐवजी एकच नोंद घ्या आणि ती कशाकशाची बनलेली आहे ते पाहा. तुमच्या स्प्रेडशीटमधली ही एक नोंद मी निवडली आहे:

«१४ नोव्हेंबर. केंद्र ७. मुले १७. क्र. २३ ने आज फळ्यावरचा उतारा अडखळत पण पूर्ण वाचला. त्याची आई भेटली. म्हणाली, घरी औषधाच्या बाटलीवरचे वाचून दाखवतो. वीज गेली, वर्ग २० मि. आधी सोडला. मोठ्या मुली कमी येतात, बहुधा घरी धाकट्यांना सांभाळतात.»

या पाच-सहा ओळींत तीन वेगवेगळ्या प्रतीची माहिती एकमेकींत मिसळली आहे. सतरा मुलांची उपस्थिती, उताऱ्याचे वाचन आणि वर्ग लवकर सुटणे या गोष्टी कार्यकर्त्याने स्वतः पाहिल्या. औषधाच्या बाटलीची गोष्ट त्याला आईने सांगितली, म्हणजे ती ऐकलेली आहे. मोठ्या मुली घरी धाकट्यांना सांभाळत असाव्यात हा त्याचा अंदाज आहे, आणि ‘बहुधा’ हा शब्द वापरून त्याने ते प्रामाणिकपणे कबूलही केले आहे. तुमच्या मागच्या वर्षीच्या अहवालात अशाच एका नोंदीचे रूपांतर कसे झाले होते ते आठवून पाहा: ‘मुले आता आत्मविश्वासाने वाचू लागली असून घराघरांत वाचनाचे वातावरण निर्माण झाले आहे.’ या वाक्यात एका मुलाची ‘मुले’ झाली, ‘अडखळत’चे ‘आत्मविश्वासाने’ झाले, एका आईने सांगितलेल्या प्रसंगाचे सगळ्या घरांतले वातावरण झाले, आणि वीज व मोठ्या मुली या दोन्ही गोष्टी अदृश्य झाल्या. यात खोटे बोलण्याचा हेतू कोणाचाच नव्हता. तरीही अनुभवी देणगीदार असे वाक्य वाचतो, तेव्हा त्याच्या हाताला काहीच लागत नाही, कारण कोठे, किती जणांपैकी किती आणि कोणी पाहिले, हे तिन्ही प्रश्न त्यात अनुत्तरित राहतात.

म्हणून पहिले काम हे की स्प्रेडशीटमध्ये प्रत्येक नोंदीला एक कायमचा क्रमांक द्यावा, जसे वरच्या नोंदीला ‘के७-१४११’, आणि नोंदीतली विधाने सुटी करून प्रत्येकासमोर ‘पाहिले’, ‘ऐकले’ किंवा ‘अंदाज’ यांपैकी एक शब्द लिहावा. ३४० नोंदींसाठी हे काम कंटाळवाणे आहे. दोघांनी मिळून केले तर साधारण आठवडाभर लागेल, आणि पुढच्या सगळ्या कामाचा पाया तोच आहे. ‘अंदाज’ या खुणेची विधाने अहवालात पुरावा म्हणून येऊ नयेत. मात्र ती टाकूनही देऊ नका, कारण कार्यकर्त्यांकडे पुन्हा जाऊन काय विचारायचे याची यादी त्यांतूनच तयार होते. केंद्र ७ मधल्या मोठ्या मुली खरोखर का येत नाहीत, हे त्या घरांत जाऊन विचारता येईल आणि मग तो अंदाज राहणार नाही.

या नोंदीतील आणखी दोन शब्दांजवळ थांबायला हवे. ‘मुले १७’ हा आकडा एकटा निरर्थक आहे. केंद्र ७ च्या पटावर २४ मुले आहेत असे तुमच्या तक्त्यात दिसते, म्हणजे त्या संध्याकाळी २४ पैकी १७ हजर होती. तुमच्या ‘परिणाम’ विभागात ‘पैकी’ हा शब्द किती वेळा येतो ते मोजले, तरी त्या विभागाच्या विश्वासार्हतेचा बराचसा अंदाज येईल, असे मी अनुभवाने म्हणू शकतो. दुसरा शब्द ‘वाचला’. फळ्यावरचा उतारा आधी इतर मुलांनी मोठ्याने वाचला असेल, तर तेविसाव्या क्रमांकाच्या मुलाने तो ऐकून म्हटला असण्याचीही शक्यता असते. तुमच्या वाचनचाचणीत मात्र अनोळखी उतारा एकेका मुलाला स्वतंत्रपणे वाचायला देतात. म्हणून भेटनोंदीतले ‘वाचले’ आणि चाचणीतले ‘वाचले’ एकाच बेरजेत कधीही घालू नका. बदल किती झाला हे चाचणीच्या तक्त्यावरून सांगायचे आणि तो कसा झाला, कोठे अडला, हे नोंदींवरून सांगायचे. ही वाटणी पक्की झाली की अर्धा गोंधळ आपोआप निवळतो.

आता तक्त्याकडे वळू. आरंभीच्या चाचणीत २८६ मुले होती आणि त्यांतली ७४ मुले उतारा वाचू शकत होती, म्हणजे २६ टक्के. अखेरच्या चाचणीत २१४ मुले होती आणि त्यांतली १३३ वाचू शकत होती, म्हणजे ६२ टक्के. ‘२६ टक्क्यांवरून ६२ टक्के’ हे वाक्य लिहिण्याचा मोह कोणालाही होईल, पण ते लिहू नका. दोन्ही टक्केवाऱ्या वेगवेगळ्या मुलांच्या आहेत. मधल्या काळात ७२ मुले गळली, आणि तुमच्याच तक्त्यात नावे जुळवून पाहिल्यावर दिसते की त्या ७२ पैकी फक्त ८ मुलांना आरंभी उतारा वाचता येत होता. म्हणजे जी मुले निघून गेली ती सरासरीने वाचनात मागे असलेली होती, आणि वर्गाने काहीही केले नसते तरी केवळ त्यांच्या जाण्यामुळे उरलेल्यांची टक्केवारी वर गेली असती. दोन्ही चाचण्या दिलेल्या त्याच २१४ मुलांचा विचार केला, तर आरंभी ६६ मुले उतारा वाचत होती, म्हणजे ३१ टक्के, आणि अखेरीस १३३. त्यातही खोलात गेल्यावर दिसते की ७० मुले नव्याने वाचू लागली आणि ३ मुले आरंभी वाचत असूनही अखेरीस वाचू शकली नाहीत. या तीन मुलांचा उल्लेख गाळू नका. अशी उतरण प्रत्येक चाचणीत थोडीफार असतेच, आणि ती जिथे शून्य दिसते तिथे जाणकार वाचक आकड्यांकडे संशयाने पाहतो.

गळलेल्या मुलांबद्दल आणखी एक वाक्य लिहायला हवे. ती ७२ मुले आरंभी जिथे होती तिथेच राहिली असे सर्वांत सावधपणे धरले, तर २८६ पैकी १४१ मुले उतारा वाचतात असे होते, म्हणजे ४९ टक्के. हा आकडा कमी आकर्षक आहे, पण तो दिल्याने कोणत्याही वाचकाला मनातल्या मनात तुमचे आकडे कापून वाचावे लागत नाही. शेरा रकान्यात ३१ मुलांपुढे कुटुंबासह दुसरीकडे गेल्याची नोंद आहे, १९ मुले चाचणीच्या दिवशी गैरहजर होती आणि २२ मुलांपुढे रकाना रिकामा आहे. या २२ मुलांबद्दल संबंधित कार्यकर्त्यांना या आठवड्यातच फोन करून विचारा. त्यांतल्या काहींचे कारण ‘माहीत नाही’ असेच निघेल. मग अहवालातही तसेच लिहा.

नोंदींच्या बाबतीत सर्वाधिक चुका मोजणीत होतात, म्हणून त्यावर जरा सविस्तर लिहितो. स्प्रेडशीटमध्ये ‘घरी वाचन’ या विषयाचा उल्लेख असलेल्या ५८ नोंदी सापडल्या. ‘५८ नोंदींत पालकांचा सहभाग दिसला’ असे लिहिले तर ते भरघोस वाटेल. पण त्यांतल्या ४१ नोंदी केंद्र ३ आणि केंद्र ७ च्या आहेत, आणि ही दोन्ही केंद्रे एकच कार्यकर्ता पाहतो, ज्याला घरी जाऊन पालकांशी बोलण्याची सवय आहे आणि जो सविस्तर लिहितो. उरलेल्या १७ नोंदी आणखी तीन केंद्रांतल्या आहेत. काही वर्षांपूर्वी माझ्याच हातून नेमकी ही चूक झाली होती. पालक मुलांच्या अभ्यासात रस घेऊ लागले आहेत असे मी एका अहवालात ठामपणे लिहिले. देणगीदार संस्थेची प्रतिनिधी भेटीला आली तेव्हा मी तिला भलत्याच केंद्रावर नेले, आणि तिथल्या एकाही पालकाला आमच्या वर्गाची वेळसुद्धा ठाऊक नव्हती. परत आल्यावर वह्या पाहिल्या, तेव्हा माझ्या त्या वाक्यामागच्या जवळजवळ सगळ्या नोंदी एकाच हस्ताक्षरातल्या निघाल्या.

तेव्हापासून नोंदी मोजायच्या नाहीत, मुले मोजायची आणि केंद्रे मोजायची, असा नियम मी पाळतो. एकाच मुलाबद्दल अकरा नोंदी असल्या, तरी मूल एकच असते. तुमच्या ५८ नोंदींमध्ये एकूण ३४ वेगवेगळी मुले येतात आणि ती ५ केंद्रांतली आहेत. म्हणून विधान असे होईल: ‘१२ पैकी ५ केंद्रांतील नोंदींत ३४ मुले घरी काहीतरी वाचून दाखवत असल्याचे पालकांनी सांगितल्याचा उल्लेख आहे, यांपैकी बहुतेक नोंदी एकाच कार्यकर्त्याच्या दोन केंद्रांतल्या आहेत.’ उरलेल्या सात केंद्रांबद्दल घाईने निष्कर्ष काढू नका. तिथे घरी वाचन होत नाही, असे नोंदींवरून म्हणता येणार नाही, कारण तिथल्या कार्यकर्त्यांना हा प्रश्न विचारायला कोणी सांगितलेच नव्हते. नोंदीतले मौन म्हणजे नकार नव्हे, हे अहवालात एका वाक्यात स्पष्ट करावे.

‘घरी वाचन’ यांसारख्या विषयखुणा लावण्याआधी त्या खुणेत काय बसते आणि काय बसत नाही, हे दोन ओळींत लिहून ठेवा. मुलाने घरी स्वतःहून वाचले असे पालकाने किंवा भावंडाने सांगितले तर ते बसते. गृहपाठ केला म्हणून वाचले तर ते बसत नाही. ‘पालक खूश आहेत’ एवढेच लिहिलेले असेल तर तेही बसत नाही. मग स्प्रेडशीटमधल्या कोणत्याही ३० नोंदी तुम्ही आणि तुमची एक सहकारी एकमेकींना न विचारता तपासा आणि खुणा ताडून पाहा. ३० पैकी २५-२६ ठिकाणी एकमत झाले तर कामाला हरकत नाही. वीसच्या आसपासच झाले, तर दोष तुमच्या दोघींच्या वाचनात नसून त्या दोन ओळींच्या व्याख्येत आहे आणि ती सुधारून पुन्हा नव्या ३० नोंदींवर तपासावी. केवळ योगायोगाने होणारे एकमत वजा करणारे जेकब कोहेन यांचे ‘कॅपा’ हे माप १९६० पासून वापरात आहे, आणि एखाद्या देणगीदाराने मागितले तर ते काढून देता येते. पण दोन पानांच्या विभागात ‘किती नोंदींपैकी किती ठिकाणी आमचे एकमत झाले’ एवढे साधे वाक्य माझ्या मते अधिक उपयोगी पडते, कारण ते कोणालाही समजते.

खुणा लावून झाल्यावर प्रत्येक विधानासाठी त्याच्या विरुद्ध जाणाऱ्या नोंदी मुद्दाम शोधा. हा शोध घेतल्याशिवाय कोणतेही विधान पक्के समजू नका. घरी वाचनाबाबत तुमच्याच स्प्रेडशीटमध्ये केंद्र ३ ची एक नोंद आहे, ज्यात वडिलांनी वही काढून घेतली कारण मुलगी कामाच्या वेळी वाचत बसली होती. वाचन आणि घरकाम यांची वेळ एकमेकांवर आदळते, ही तुमच्या कार्यक्रमातील खरी अडचण त्या एका नोंदीतून दिसते. केंद्र ७ मधल्या मोठ्या मुलींबद्दलचा अंदाजही तिच्याच शेजारी ठेवून पाहण्यासारखा आहे. देणगीदाराला असे काही वाचायला मिळाले की तुम्ही प्रत्यक्ष तिथे होता, याबद्दल त्याच्या मनात शंका राहत नाही.

एका मुलाची गोष्ट घालायची की नाही, असा प्रश्न तुम्हाला पडेलच. ती घालावी, कारण आकड्यांतून मूल दिसत नाही. पण गोष्ट निवडण्याचा नियम आधी ठरवावा आणि तो वाचकाला सांगावा. साधारणतः सर्वांत जास्त प्रगती केलेल्या मुलाची गोष्ट घेतली जाते आणि वाचक तिलाच सरासरी समजून बसतो. मी सुचवेन की नव्याने उतारा वाचू लागलेल्या ७० मुलांतून, ज्यांची हजेरी आणि आरंभीची पातळी मध्यम होती असे एक मूल चिठ्ठी टाकून निवडा आणि त्याच्याबद्दलच्या सगळ्या नोंदी, उलटसुलट असतील तशा, क्रमाने वाचा. ‘सर्वांत लक्षणीय बदल’ या नावाने ओळखली जाणारी आणि रिक डेव्हिस यांनी १९९० च्या दशकात बांगलादेशातील कामातून विकसित केलेली पद्धत तुम्ही ऐकली असेल. तिच्यात लक्षणीय गोष्टी जाणीवपूर्वक निवडल्या जातात, आणि त्या कशा व कोणत्या कारणासाठी निवडल्या याची नोंद ठेवणे हा त्या पद्धतीचाच भाग आहे. अनेक संस्था गोष्ट तेवढी उचलतात आणि निवडीचे कारण सोडून देतात, आणि मग विलक्षण उदाहरण सर्वसाधारण असल्यासारखे छापले जाते. तुम्ही विलक्षण मुलाची गोष्ट घेतलीच, तर ‘ही गोष्ट सर्वाधिक प्रगती केलेल्या मुलांपैकी एकीची आहे’ असे तिच्या डोक्यावरच लिहा.

गोष्टीतील मूल ओळखू येणार नाही याची खात्री करणे तुमच्यावर बंधनकारक आहे. २४ मुलांच्या केंद्रात ‘तेरा वर्षांची, तिघांत थोरली, आई आजारी’ एवढ्या वर्णनाने शेजारपाजारचा कोणीही तिला ओळखेल. नाव बदलणे पुरेसे नसते. केंद्राचा क्रमांक काढावा, वय ‘बारा ते चौदा’ असे लिहावे, आणि घरची परिस्थिती विधानासाठी आवश्यक नसेल तर गाळावी. जिथे तपशील बदलले असतील तिथे ते बदलल्याचे नमूद करावे. पालकांची आणि मुलाची संमती घेताना छापला जाणारा मजकूरच त्यांना वाचून दाखवावा, कारण ‘अहवालासाठी माहिती वापरू का’ या मोघम प्रश्नाला मिळालेल्या होकाराने त्यांना काय छापले जाणार याची कल्पना येत नाही.

‘आमच्या वर्गामुळे’ हा शब्दप्रयोग तुमच्या मसुद्यात आला तर तिथे लाल खूण करा. दहा महिन्यांत मुले मोठी होतात आणि शाळेतही शिकतात. शिवाय वर्गासाठी मुद्दाम मागे असलेली मुले निवडली असतील, तर पहिल्या चाचणीच्या दिवशी काही मुलांचे गुण नेहमीपेक्षा खाली गेलेले असतात आणि दुसऱ्या चाचणीत ती कोणाच्याही मदतीशिवाय थोडी वर येतात. वर्गात नसलेल्या मुलांची चाचणी तुम्ही घेतलेली नाही, म्हणून ७० पैकी किती मुले एरवीही वाचू लागली असती हे तुम्हाला सांगता येणार नाही. येथे जॉन मेन यांनी १९९९ च्या सुमारास मांडलेली ‘योगदान-विश्लेषण’ ही दिशा उपयोगी पडते. कार्यक्रमातून बदल ज्या वाटेने होईल असे आपण मानतो ती वाट टप्प्याटप्प्याने लिहायची, प्रत्येक टप्प्यासाठी काय पुरावा आहे ते पाहायचे आणि दुसरी कोणती कारणे असू शकतात तेही मांडायचे. तुमच्या बाबतीत पहिला टप्पा मूल नियमित येते हा, दुसरा वर्गात त्याला रोज स्वतः मोठ्याने वाचायला मिळते हा आणि तिसरा ते अनोळखी मजकूर वाचू लागते हा. पहिल्याला हजेरीपत्रकाचा आणि तिसऱ्याला चाचणीचा आधार आहे. दुसऱ्याबद्दल तुमच्या भेटनोंदी बोलू शकतात, कारण वर्गात प्रत्यक्ष काय घडले हे फक्त त्यांच्यातच आहे. म्हणून माझ्या मते या ३४० नोंदींचे सर्वांत मोठे मोल या मधल्या टप्प्यात आहे, आणि तुम्ही वेळ तिथे घालावा. कोणत्या केंद्रात प्रत्येक मुलाची वाचायची पाळी रोज येत होती आणि कोठे एक-दोन हुशार मुलेच वाचत होती, हे नोंदींतून काढा आणि त्या केंद्रांचे चाचणीचे आकडे शेजारी ठेवा. काही सापडले तर ‘सोबत दिसते’ असे म्हणा. काहीच सापडले नाही तर तेही एका वाक्यात लिहा.

एवढे झाल्यावर लेखनाला बसा. मसुद्याचा मुख्य परिच्छेद साधारण असा होईल:

«आरंभीच्या चाचणीत २८६ मुले होती, त्यांपैकी २१४ मुलांनी दहा महिन्यांनंतरची चाचणीही दिली. या २१४ मुलांपैकी अनोळखी उतारा वाचू शकणारी मुले आरंभी ६६ होती आणि अखेरीस १३३ होती. ७० मुले नव्याने वाचू लागली, तर ३ मुले पुन्हा वाचू शकली नाहीत. दुसरी चाचणी न दिलेल्या ७२ मुलांपैकी ३१ कुटुंबासह दुसरीकडे गेली, १९ चाचणीच्या दिवशी गैरहजर होती आणि २२ मुलांचे कारण आम्ही शोधत आहोत. ही मुले आरंभीच्याच पातळीवर आहेत असे धरल्यास २८६ पैकी १४१ मुले उतारा वाचतात. वर्गाबाहेरच्या मुलांची चाचणी आम्ही घेतलेली नाही. त्यामुळे या बदलातला वर्गाचा वाटा किती, हे आम्ही सांगू शकत नाही. १२ पैकी ५ केंद्रांतील नोंदींत ३४ मुले घरी वाचून दाखवत असल्याचे पालकांनी सांगितल्याचा उल्लेख आहे. एका केंद्रातील नोंदीत, कामाच्या वेळी वाचत बसलेल्या एका मुलीची वही वडिलांनी काढून घेतल्याचा उल्लेख आहे.»

या परिच्छेदात कौतुकाचे एकही विशेषण नाही, तरी मागच्या वर्षीच्या वाक्यापेक्षा तो कितीतरी अधिक सांगतो. त्यातल्या सगळ्या वाक्यांसाठी एक वेगळा तक्ता ठेवा: डाव्या रकान्यात अहवालातले वाक्य, मध्ये त्यामागचे नोंदक्रमांक किंवा चाचणीचा तक्ता, आणि उजवीकडे ‘पाहिले’ की ‘ऐकले’. हा तक्ता अहवालासोबत पाठवायची गरज नाही, पण देणगीदाराने एखाद्या वाक्यावर बोट ठेवले तर पाच मिनिटांत मूळ नोंदीपर्यंत पोहोचता आले पाहिजे. ज्या वाक्यासमोर मधला रकाना रिकामा राहील, ते कितीही आवडते असले तरी काढून टाका.

मसुदा देणगीदारांकडे जाण्याआधी नऊही कार्यकर्त्यांकडे जाऊ द्या आणि प्रत्येकाला फक्त त्याच्या नोंदींवर आधारलेली वाक्ये दाखवून एकच प्रश्न विचारा: तुम्ही पाहिले ते हेच आहे का? केंद्र ७ च्या कार्यकर्त्याने ‘मी अडखळत असे लिहिले होते’ म्हटले, तर वाक्य बदला. एखाद्याने ‘हे फार उणे वाटते, थोडे बरे लिहा’ म्हटले, तर आधी त्या बरे वाटण्यामागची नोंद मागा. कित्येकदा अशी नोंद खरोखरच निघते, कारण वहीत लिहायचे राहून गेलेले त्याला चांगले आठवत असते. ते त्या दिवशीच्या तारखेने, आठवणीतून लिहिले अशी खूण करून, स्प्रेडशीटमध्ये नवी नोंद म्हणून घाला आणि मगच वाक्यात आणा.